मेन्यूकार्डावर काय ठेवायचं, कशाचा भाव वाढवायचा, काय काढायचं: कोकणातल्या खाणावळवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-तारकर्ली भागात आमची छोटी खाणावळ आहे. दुपार-रात्र मिळून दिवसाला तीस-पस्तीस ताटं जातात, शनिवार-रविवारी पन्नासच्या वर. गेली काही वर्षं मी दर महिन्याला प्रत्येक ताटाचा हिशोब मांडतो. ओळखीचे खाणावळवाले आणि होमस्टेवाले त्याबद्दल जे विचारतात, ते इथे उत्तरांसह लिहिलं आहे. उदाहरण आमच्याच एका नोव्हेंबरचं आहे. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत. तुमचे भाव वेगळे असतील, रीत मात्र हीच लागेल.

हा हिशोब नेमका कशाचा?

दोनच गोष्टी मोजायच्या: महिन्यात एखादं ताट किती वेळा गेलं, आणि त्या एका ताटामागे कच्च्या मालाचा खर्च जाऊन किती रुपये सुटले. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मायकल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ या दोघांनी १९८२ साली या दोन मोजमापांवरून पदार्थांचे चार कप्पे पाडायची पद्धत मांडली. जास्त खपतं आणि जास्त सोडतं ते ‘स्टार’. खपतं पण कमी सोडतं ते ‘प्लाउहॉर्स’, म्हणजे आपल्याकडचा नांगराचा बैल. सोडतं पण खपत नाही ते ‘पझल’, कोडं. दोन्हीकडे कमी पडणाऱ्याला त्यांनी ‘डॉग’ म्हटलं, मी त्याला ‘पडीक’ म्हणतो.

कप्पे पाडायला अर्धा तास लागतो. कप्प्यात जाणारा आकडा खरा आहे की नाही हे तपासणं खरं कष्टाचं काम आहे, आणि मासळीच्या धंद्यात तो आकडा तीन-चार ठिकाणी हमखास फसवतो. म्हणून पुढची बरीचशी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

एका ताटाचा खर्च कसा काढायचा? मासळीचा भाव तर रोज बदलतो.

ताटाचे दोन भाग करा. भात, भाकरी, सार, सोलकढी, कांदा-लिंबू हा भाग सगळ्या मासळीच्या ताटांत सारखाच असतो. तो ताटागणिक मोजत बसू नका. एक आठवडा किती तांदूळ शिजला, किती नारळ फुटले, आमसुलं आणि मसाला किती गेला, सारासाठी बारीक मासळी किती आणली, हे सगळं लिहून काढा आणि आठवड्यातल्या ताटांच्या संख्येने भागा. पाहुणे भात आणि सोलकढी पुन्हा मागून घेतात, तो वाढीव खर्चही यात आपोआप येतो. आमच्याकडे हा आकडा ७० रुपये आला. मी अंदाजाने ५० धरून चाललो होतो.

दुसरा भाग मासळीचा. इथे सगळ्यात मोठी चूक होते. मीही ती केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

जेटीवरच्या लिलावातून चार किलोची सुरमई ८०० रुपये किलोने आणली, ३,२०० रुपये झाले. आपली तुकडी १३० ग्रॅमची. सरळ गुणाकार केला तर तुकडी १०४ रुपयांना पडते. पण तो मासा घरी साफ करून पुन्हा तराजूवर ठेवा. आतडी, कल्ले, पर काढले की साडेचारशे ग्रॅम गेले. डोकं आणि शेपटी मिळून साडेनऊशे ग्रॅम, ते सारात जातात. तव्यावर घालण्याजोग्या तुकड्या राहिल्या २ किलो ६०० ग्रॅमच्या, म्हणजे मोजून वीस. डोक्यामुळे सारासाठी दुसरी मासळी तेवढी कमी आणावी लागते, त्याचे २०० रुपये वजा धरा. उरलेले ३,००० भागिले २०, म्हणजे एक तुकडी १५० रुपयांना पडली.

१०४ आणि १५० मध्ये ४६ रुपयांचं अंतर आहे. रवा, तेल आणि वरचा मसाला मिळून १५ रुपये, शिवाय सामाईक ७०, म्हणजे सुरमई थाळीचा खर्च २३५ होतो. ४०० ला विकली तर १६५ सुटतात. मी मात्र २११ सुटतात असं धरून एक अख्खा हंगाम ‘आमची खासियत सुरमई’ असा फलक रस्त्यावर लावला होता.

रोज बदलणाऱ्या भावासाठी वेगळं काही लागत नाही. लिलावाच्या वहीत त्या महिन्यात सुरमईसाठी एकूण किती रुपये मोजले आणि तिच्या एकूण किती तुकड्या पडल्या, एवढं असलं की महिन्याची सरासरी निघते. तुकड्या मोजायची सवय मात्र मासळी कापणाऱ्याला लावावी लागते. आमच्याकडे पाटाशेजारी खडूने रेघा मारतात.

जीएसटी कुठे धरायचा?

तुम्ही बिलावर ५ टक्के वेगळा लावत असाल तर मेन्यूकार्डावरची किंमत तशीच घ्या, कर त्यावर येतो. कंपोझिशन योजनेत असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, ते ५ टक्के आपल्याच किमतीतून जातात. मग ४०० च्या सुरमईमागे २० रुपये आधी वजा करा आणि मग खर्च. पुढच्या आकड्यांत मी कर धरलेला नाही.

सगळं मांडल्यावर चित्र कसं दिसतं?

आमच्या नोव्हेंबरच्या हजार ताटांचं असं दिसलं:

| ताट | किंमत | खर्च | सुटतात | विकली |
|---|---|---|---|---|
| सुरमई | ४०० | २३५ | १६५ | २६० |
| कोंबडी वडे | ३२० | १७० | १५० | १९० |
| शाकाहारी | १८० | ७० | ११० | १६० |
| बांगडा | २८० | १२५ | १५५ | १३० |
| कोळंबी | ३५० | १६५ | १८५ | ११० |
| पापलेट | ५५० | ३६० | १९० | ६० |
| मटण | ४२० | २९० | १३० | ५० |
| तिसऱ्या | ३०० | ११५ | १८५ | ४० |

आता दोन रेघा ओढायच्या. खपाची रेघ अशी: आठ ताटं आहेत, सगळी सारखी खपली असती तर प्रत्येकाचा वाटा साडेबारा टक्के झाला असता. त्याच्या ७० टक्के, म्हणजे पावणेनऊ टक्के, ही हद्द. हजारात ८८ किंवा जास्त गेलं ते खपाऊ. ७० टक्क्यांचा हा संकेत कसावाना आणि स्मिथ यांनीच घालून दिलेला आहे.

सुटणाऱ्या पैशांची रेघ म्हणजे सरासरी. पण आठ आकड्यांची बेरीज भागिले आठ असं करू नका. प्रत्येक ताटाचे सुटलेले पैसे त्याच्या संख्येने गुणा, सगळ्यांची बेरीज करा आणि एकूण ताटांनी भागा. आमची बेरीज १,५४,८०० रुपये झाली, म्हणजे ताटामागे जवळपास १५५.

त्यावरून सुरमई आणि कोळंबी स्टार ठरल्या. कोंबडी वडे आणि शाकाहारी हे बैल, पापलेट आणि तिसऱ्या ही कोडी, मटण पडीक. बांगडा रेघेवरच बसला आहे. अशा रेघेवरच्या ताटाबद्दल त्या महिन्यात काहीच ठरवू नका. लिलावात किलोमागे दहा रुपये इकडचे तिकडे झाले की तो कप्पा बदलतो.

खर्चाची टक्केवारी का बघायची नाही? हॉटेल लाइनमध्ये तर ‘फूड कॉस्ट ३५ टक्क्यांच्या आत ठेवा’ असंच शिकवतात.

वरच्याच तक्त्यात बघा. शाकाहारी ताटाचा खर्च किमतीच्या ३९ टक्के, सुरमईचा ५९ टक्के. टक्केवारीने शाकाहारी ताट उत्तम आणि सुरमई वाईट ठरते. प्रत्यक्षात शाकाहारी ताट ११० सोडतं आणि सुरमई १६५. भाडं, पगार, वीज हे रुपयांत द्यावं लागतं. किनाऱ्यावरच्या खाणावळीत मासळी महागच असते. ३५ टक्क्यांचा हट्ट धरला तर सुरमई ६७० रुपयांना विकावी लागेल, आणि मग ती विकायची राहूनच जाईल.

टक्केवारी एका कामाला उपयोगी पडते. त्याच ताटाची टक्केवारी गेल्या महिन्याशी ताडून बघा. किंमत आणि लिलावाचा भाव तोच असताना ती चढली, तर तुकडी जाड कापली जाते आहे किंवा माल वाया जातो आहे.

पापलेट इतकं सोडतं, मग खपत का नाही?

या प्रश्नाने मला बरंच शिकवलं. महिन्यात ६० म्हणजे हद्दीच्या खाली, म्हणून पहिल्यांदा मी त्याला कोडं मानलं आणि किंमत कमी करायला निघालो. मग वही उघडली. त्या तीस दिवसांत पापलेट आमच्याकडे होतंच मुळी बारा दिवस. बाकी दिवशी मनासारखा माल मिळाला नाही, किंवा भाव परवडला नाही. त्या बारा दिवसांत, त्यात शनिवार-रविवार बरेच, एकूण ५४० ताटं गेली होती. त्यांतली ६० पापलेटची, म्हणजे ११ टक्के. हद्द पावणेनऊची आहे. पापलेट असतं तेव्हा चांगलं खपतं, ते स्टार आहे. किंमत उतरवली असती तर हातचे पैसे घालवले असते.

म्हणून प्रत्येक मासळीच्या ताटाचा वाटा ते ज्या दिवशी होतं त्याच दिवसांच्या ताटांवर काढा. आणि संपलं की वहीत वेळ लिहा. ‘सुरमई संपली, १:४०’ एवढंच. दुपारी दीडला संपलेल्या सुरमईचा आकडा तुम्ही किती आणली ते सांगतो, गिऱ्हाइकाला किती हवी होती ते नाही. बिलिंग मशीनच्या महिन्याच्या रिपोर्टात यातलं काहीच दिसत नाही. मला वाटतं, मासळीच्या धंद्यात ही एक सवय बाकी सगळ्या हिशोबापेक्षा जास्त पैसे वाचवते.

पापलेटची किंमत आम्ही आता मेन्यूकार्डावर छापत नाही. पाटीवर त्या दिवशीचा भाव लिहितो, आणि शेजारी माशाचं अंदाजे वजन. ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढंच लिहिलं की पुण्या-कोल्हापूरचं कुटुंब विचारायला संकोचतं आणि गप्प सुरमई मागवतं. आकडा दिसला की निर्णय घेतं.

कोंबडी वड्यांचा भाव वाढवावा का?

खपतं खूप आणि सरासरीच्या पाच रुपये खाली आहे, म्हणजे भाव वाढवून बघायला सगळ्यात योग्य ताट हेच. वाढवायच्या आधी एक गणित करा. सध्या १९० ताटांवर १५० प्रमाणे २८,५०० सुटतात. किंमत ३४० केली तर ताटामागे १७० सुटतील. २८,५०० ला १७० ने भागलं की १६८ येतात. म्हणजे २२ ताटं कमी गेली तरी तेवढेच पैसे हाती राहतात. शिवाय त्या २२ जणांपैकी बरेचसे उठून जात नाहीत, दुसरं काहीतरी मागवतात.

आम्ही डिसेंबरपासून ३४० केले. डिसेंबरात गर्दीच वाढते, त्यामुळे नुसती संख्या बघून फसायला होतं. दर हजार ताटांमागे किती, असं बघितलं तर १९० चे १७८ झाले. ताटामागे १७० प्रमाणे ३०,२६० रुपये, म्हणजे पावणेदोन हजारांची भर. फार मोठी नाही, पण एकाही गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं नाही.

भाव न वाढवता वडे कमी करावेत असंही काही जण सुचवतात. त्याआधी आठवडाभर उष्टी ताटं बघा. आमच्याकडे सहा वड्यांतला एक-दोन वडे ताटात परत येत होते, विशेषतः बायका-मुलांच्या. म्हणून आम्ही पाच वाढतो आणि सहावा मागितला तर गरम काढून देतो. वड्यामागे सहा रुपये धरले तरी महिन्याला हजाराच्या आसपास वाचतात, आणि परत येणारं अन्न वाचतं ते वेगळंच. सुरमईची तुकडी किंवा रश्श्यातली कोंबडी मात्र लहान करू नका. ती लोक डोळ्यांनी मोजतात आणि पुढच्या वर्षी येताना लक्षात ठेवतात.

शाकाहारी ताट सगळ्यात कमी सोडतं. काढून टाकलं तर?

मुळीच काढू नका. आमच्याकडे सहा जणांचं टेबल येतं, त्यात एक आजी माळकरी असतात किंवा कुणाचा सोमवार असतो. त्यांच्यासाठी काही नसेल तर सहाही जण पुढच्या खाणावळीत जातात. शाकाहारी ताटाचे ११० दिसतात, पण त्याच्या आधाराने त्या टेबलावरची पाच मासळीची ताटं येतात. कुठल्याही तक्त्यात हे येत नाही, कारण तक्ता ताटं मोजतो, टेबलं मोजत नाही.

एक महिना बिलं चाळून बघा: शाकाहारी ताट असलेल्या किती बिलांत मासळीही आहे? आमच्याकडे निम्म्याहून बरीच जास्त निघाली. त्यामुळे भावही आम्ही जपून वाढवतो. उलट काळ्या वाटाण्याची उसळ आणि गरम आंबोळी त्यात घातली तेव्हापासून काही मांसाहारी लोकही एखाद्या जेवणाला तेच मागवतात.

श्रावणात हेच ताट पुढे येतं आणि बैलाचा स्टार होतो. म्हणून वर्षाचा एकच तक्ता कधीच करू नका.

मटण काढून टाकलं का?

रोजच्या कार्डावरून काढलं, खाणावळीतून नाही. तक्त्यात मटणाचे ६,५०० सुटलेले दिसतात, पण ते विकल्या गेलेल्या पन्नास ताटांचे. पन्नास ताटांना २०० ग्रॅमप्रमाणे दहा किलो लागलं, आणि खाटकाच्या वहीत पंधरा किलो होतं. रोज दोन ताटं जाणार म्हणून थोडं थोडं शिजवायचं, त्यातलं उरायचं. पाच किलोचे ८०० रुपये प्रमाणे ४,००० गेले. म्हणजे महिनाभर चूल पेटवून खरे सुटले अडीच हजार.

स्वयंपाक सांभाळणाऱ्या आमच्या काकींनीच तोडगा काढला. “रोज कित्याक? बुधवार नि आयतवार ठेवया, बाकी कोण रात्री सांगात तेका सकाळी करून देवया.” तसंच केलं. आता ताटं थोडी कमी जातात, पण टाकावं लागत नाही. पडीक कप्प्यातलं ताट पाहिलं की पहिल्यांदा खरेदीची वही आणि विक्रीची वही शेजारी ठेवा. बहुतेक वेळा दोष पदार्थात नसतो, तो रोज ठेवण्यात असतो.

काढताना आणखी एक बघा: त्याचा माल दुसऱ्या कशात जातो का? बांगडा उरला तर संध्याकाळी तिखलं होतं. मटण उरलं तर ते फक्त मटणच.

तिसऱ्यांची जाहिरात करून फायदा झाला का?

झाला, पण मी धरला होता तेवढा नाही, आणि तो कुठून आला हे समजून घेण्यासारखं आहे.

ताटामागे १८५ सुटतात आणि महिन्यात फक्त ४० जातात. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. घाटावरून आलेल्या बऱ्याच पाहुण्यांना तिसऱ्या म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. कार्डावर नुसतं नाव होतं. आम्ही त्याखाली ‘खाडीतल्या शिंपल्या, ओलं खोबरं आणि तिरफळ घालून सुकं’ असं लिहिलं. वाढणाऱ्या मुलाला ऑर्डर घेताना एक वाक्य बोलायला सांगितलं: “आज सकाळच्या ओहोटीच्या तिसऱ्या आहेत.” दर हजारामागे ४० चे ८५ झाले.

मनातल्या मनात मी ४५ गुणिले १८५ करून सव्वाआठ हजार मिळाले म्हणून खूश झालो होतो. पण ती ४५ माणसं आकाशातून पडली नव्हती. बांगड्याची ताटं २५ ने आणि सुरमईची साधारण २० ने कमी झाली. बांगड्यावरून तिसऱ्यांवर आलेल्या माणसामागे ३० रुपये जास्त सुटतात, सुरमईवरून आलेल्यामागे २०. सगळं मिळून खरी भर साडेअकराशे रुपयांची. जाहिरातीने एक ताट वाढतं तेव्हा दुसरं कुठलं कमी झालं ते बघितल्याशिवाय फायदा झाला म्हणू नका.

मग आम्ही वेगळं केलं. तिसऱ्यांच्या सुक्याची छोटी प्लेट १६० रुपयांना ठेवली, खर्च ५०. टेबलावर चार ताटं आली की मध्ये एक प्लेट घेतात आणि सगळे चाखतात. इथे कुठलंच ताट कमी होत नाही, ११० रुपये पुरते वर पडतात. आता मुलगा ताटाऐवजी प्लेटच सुचवतो. ताट आणि प्लेट यांचे तक्ते मात्र वेगळे ठेवा. एकाच तक्त्यात मिसळले की सोलकढीचा ग्लास आणि पापलेट थाळी एकाच रांगेत उभे राहतात आणि सगळ्या रेघा चुकतात.

जाहिरातीला मर्यादाही आहे. तिसऱ्या खाडीतून ओहोटीला बायका काढून आणतात, मिळतात तेवढ्याच मिळतात. फलकावर मोठ्याने लिहून नंतर ‘संपल्या’ सांगायची वेळ आणू नका.

या हिशोबात मजुरी येत नाही. ते चुकीचं नाही का?

ही या पद्धतीतली खरी उणीव आहे. तिसऱ्या आणि सुरमई या दोहोंत कामाचा फरक प्रचंड आहे. तिसऱ्या दोन-तीन पाण्यांतून धुवायच्या, रेती सुटू द्यायची, मग एकेक आडाळ्यावर उघडायची. चार किलोला एका बाईचा दीड तास जातो. बांगडा तेवढ्या वेळात पन्नास माणसांचा साफ होतो.

मी असं करतो: ज्या कामाला रोजचीच माणसं पुरतात त्याची मजुरी धरत नाही, कारण ते ताट नसलं तरी पगार द्यायचाच आहे. पण खप वाढवण्यासाठी जादा माणूस लावावा लागणार असेल तर त्याची पूर्ण मजुरी त्या वाढलेल्या ताटांवर टाकतो. तिसऱ्यांच्या दिवसाला तीन-चार प्लेट काकींच्या हाताखालच्या बाईकडून होतात. दहा करायच्या तर आणखी एक बाई अर्धा दिवस लागेल, आणि मग प्लेटमागचे ११० उरत नाहीत. त्यामुळे आम्ही पाचावर थांबतो.

गर्दीच्या दुपारी तवाही मोजावा लागतो. आमच्या तव्यावर एका वेळी आठ तुकड्या बसतात. बाहेर माणसं थांबलेली असताना तव्यावर न जाणारं कोळंबीचं किंवा कोंबडीचं ताट सुचवलं की टेबल लवकर सुटतं. रिकाम्या मंगळवारी याचा विचार करायची गरज नाही.

हिशोब किती दिवसांनी करायचा? पावसाळ्यात काय?

पर्यटनाच्या महिन्यांत दर महिन्याला. त्यापेक्षा कमी दिवसांवर निष्कर्ष काढू नका, एखाद्या मोठ्या ग्रुपने सगळा वाटा बदलतो. एका वेळी एकाच ताटाचा भाव बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. आम्ही डिसेंबरात कोंबडी वडे आणि तिसऱ्या दोन्ही एकदम हलवले. त्यामुळे कमी झालेली बारा कोंबडी-वड्यांची ताटं भावामुळे गेली की तिसऱ्यांमुळे, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा सुरमई-पापलेट बर्फातली मिळते, भाव चढलेला, चव उतरलेली. त्या दोन महिन्यांसाठी आमचं कार्डच वेगळं असतं: खाडीची मासळी, सुकट, सुका बांगडा, कोंबडी, अंडं, शाकाहारी. सहा ताटं असली की खपाची हद्द जवळपास पावणेबारा टक्क्यांवर जाते, तीही नव्याने काढा. बंदीतले आकडे हिवाळ्याच्या आकड्यांत मिसळले तर सुरमई नाहक पडीक दिसेल.

सरासरीच्या खालचं दर महिन्याला काढत गेलं तर शेवटी सगळे स्टारच राहतील ना?

नाही. मटण काढलं की उरलेल्यांची सरासरी वर जाते आणि काल रेघेवर असलेला बांगडा आज खाली पडतो. त्याला काढलं की पुढचं कुणीतरी. सरासरी म्हटली की कुणीतरी खाली असणारच. बांगडा थाळी २८० ला मिळते म्हणून कॉलेजची मुलं आणि बाइकवरून फिरणारे आमच्याकडे थांबतात. रत्नागिरीहून येणारे ट्रकवाले तर तेवढ्यासाठीच थांबतात. ते ४०० ची सुरमई घेणार नाहीत, समोर वडापाव खातील. त्यामुळे बांगडा आमच्या कार्डावर पहिल्याच ओळीत आहे आणि तिथेच राहणार आहे.